विषबाधा हा शब्द

मधल्या सुट्टीतल्या खिचडीनंतर आमच्या शाळेतल्या 11 पोरांना उलट्या झाल्या. हेडगुरुजींनी पालकांसाठी लिहिलं, 'स्वयंपाकीणबाईंच्या हलगर्जीपणामुळे विषबाधा झाली. कुणीही घाबरू नये.'

मी म्हटलं, "गुरुजी, नमुना आत्ताच तपासायला गेलाय. अहवाल येईस्तोवर विषबाधा कशी म्हणायची? बाईंचा दोष तरी कुठं ठरलाय? अन् घाबरू नका म्हटलं की माणूस आधी घाबरतं."

मग कागद नव्यानं लिहिला. 'आज दुपारी जेवणानंतर 11 मुलांना उलट्या झाल्या. सर्व मुले आरोग्य केंद्रात डॉक्टरांच्या देखरेखीखाली असून त्यांच्या घरी निरोप दिला आहे. कारण अजून कळलेले नाही. खिचडीचा नमुना तपासणीला दिला आहे. अहवाल येईपर्यंत शाळेत अन्न शिजणार नाही. इतर मुलांना रात्री उलटी, जुलाब किंवा ताप आल्यास लगेच केंद्रात आणावे. उद्या सकाळी 10 वाजता शाळेत पुढील माहिती देऊ.'

पोरांची नावं मुद्दाम घातली नाहीत. संध्याकाळी पारावर कागद मोठ्यानं वाचला. लोक चिडलेलेच होते. पण 'कुणी केलं?' मागं पडलं, अन् एक आई विचारू लागली, "गुरुजी, रात्री पोराला जेवायला काय देऊ?"