बाईंचे आभार, विशेषणांशिवाय

आमच्या लेकीच्या शाळेत निकाल १ मे रोजी, झेंडावंदन झाल्यावर देतात. त्याच्या आठवडाभर आधी पालकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर तिसरीच्या बाईंना द्यायच्या शुभेच्छापत्राचा मजकूर फिरू लागला. ‘आपण आमच्या मुलांची दुसरी आई आहात, त्यांच्या आयुष्याच्या शिल्पकार आहात.’ खाली जोडलेल्या हातांची रांग. त्यात वावगं काही नव्हतं. पण हेच पत्र शेजारच्या तुकडीच्या बाईंना दिलं असतं, तरी त्यात काना-मात्राही बदलावी लागली नसती.

त्या पत्रावर मी सही केली आणि स्वतंत्र चार ओळी लिहायच्या ठरवल्या. कौतुकाचे शब्द आठवत बसण्याऐवजी लेकीची गणिताची वही काढली.

दिवाळीच्या सुट्टीआधीच्या एका पानावर ४०२ वजा १५७ हे गणित होतं आणि तिचं उत्तर होतं ३५५. बाईंनी त्यावर फुली मारली नव्हती. समासात लिहिलं होतं, ‘मला मोठ्याने सोडवून दाखव.’ लेकीला ते चांगलं आठवत होतं. “दोनातून सात जात नाहीत ना, म्हणून मी सातातून दोन काढले,” असं तिने बाईंना सांगितलं होतं. शून्य आणि पाचाचंही तसंच. पाहणाऱ्याला हा धांदरटपणा वाटला असता, पण तो नव्हता. ‘मोठ्यातून लहान काढायचा’ असा नियमच तिने स्वतःपुरता करून टाकला होता. नुसती फुली मिळाली असती, तर उत्तर चुकलं एवढंच तिला कळलं असतं आणि नियम तसाच राहिला असता.

पुढच्या पानावर काड्यांच्या गठ्ठ्यांची चित्रं होती. बाईंनी तिला खऱ्या काड्या दिल्या होत्या. शतकाचे चार गठ्ठे, दशकाचा एकही नाही, सुट्या दोन. सात काड्या द्यायच्या तर एक शतक सोडायचं, त्याचे दहा दशक करायचे, त्यातला एक दशक सोडून दहा सुट्या काढायच्या. आता उरले तीन शतक, नऊ दशक आणि बारा सुट्या. त्यातून १५७ गेले की २४५. मधल्या शून्याचे नऊ का होतात, हे तिने स्वतःच्या हातांनी पाहिलं.

मग पत्र लिहायला वेळ लागला नाही:

‘बाई, सप्रेम नमस्कार. दिवाळीआधी आमची लेक वजाबाकीत वरचा-खालचा अंक न बघता मोठ्यातून लहान काढत असे. तुम्ही तिला गणित मोठ्याने सोडवायला लावलंत, चूक नेमकी कुठे होते ते ओळखलंत आणि काड्यांचे गठ्ठे सोडायला दिलेत. आता मध्ये शून्य आलं तरी ती अडत नाही. गुणाकारात अजून चुकते, पण चुकली की स्वतःच मोठ्याने सोडवून बघते. ही सवय तुमची. मनापासून आभार.’

गुणाकाराचं वाक्य घालावं की नाही, यावर घरात चर्चा झाली. सासूबाई म्हणाल्या, “आभाराच्या पत्रात उणं कशाला?” पण ते उणं बाईंचं नव्हतं, आणि खरं होतं. सगळंच गोड लिहिलं असतं, तर वजाबाकीचं वाक्यही उगाच बरं वाटावं म्हणून लिहिल्यासारखं दिसलं असतं. एक वाक्य मात्र मी खोडलं, ‘पुढेही तिच्याकडे असंच लक्ष असू द्या.’ त्या ओळीने आभाराचा अर्ज झाला असता. तुमच्यासारखं कुणीच शिकवत नाही, असंही लिहिलं नाही, कारण बाकीच्यांचे वर्ग मी कुठे पाहिलेत?

पत्र दिलं ते प्रगतिपुस्तक हातात पडल्यावर. गुण लागलेले, पुढच्या वर्षी वर्ग दुसऱ्या बाईंकडे जाणार, म्हणजे मागण्यासारखं काही उरलेलंच नव्हतं. सोबत भेटवस्तूही ठेवली नाही. महागडी वस्तू घेताना शिक्षकांना अवघडल्यासारखं होतं आणि ज्यांना ती परवडत नाही त्या पालकांनाही.

बाईंनी पत्र तिथेच उभ्याने वाचलं. “गुणाकारात कुठे चुकते, हातचा मिळवायला विसरते का?” एवढंच विचारलं. मी हो म्हटल्यावर, सुट्टीत तिच्याकडून काय करून घ्यायचं ते दोन मिनिटांत सांगितलं.

तुम्हालाही या निकालाला असं पत्र लिहायचं असेल, तर आधी मुलाची वही उघडा आणि लाल शाईने लिहिलेलं वाचा. बाईंनी केलेली एक गोष्ट आणि त्यामुळे मुलात पडलेला एक फरक, एवढंच लिहा. तेवढं सापडलं की विशेषणांची गरज पडत नाही.