पावसात तारा का गुणगुणतात?

पनवेलहून कळंबोलीकडे जाताना पावसाळ्यात हाय टेन्शन लाइनखाली थांबलात, तर वरून तळणीसारखा चरचर आवाज येतो. उन्हाळ्यात त्याच तारा बऱ्याच गप्प असतात. मागच्या जुलैत बारावीतली मावसबहीण स्कूटरवर मागे बसली होती. तिने विचारलं, "दादा, हे शॉर्ट होतंय का?"

उत्तर तिच्याच वहीत होतं, आणि ते चुकलेलं होतं. गणित असं: १० सेंमी आणि २ सेंमी त्रिज्येचे दोन धातूचे गोळे एकमेकांपासून लांब ठेवून बारीक तारेने जोडले. एकूण चार्ज ६० नॅनोकूलॉम. तिने दोघांना ३०-३० वाटले होते. बारावीत मीही हेच केलं होतं आणि मार्क घालवले होते.

तार जोडल्यावर समान होतं ते पोटेन्शियल, चार्ज नाही. ते समान होईपर्यंत चार्ज वाहत राहतो. गोळ्याचं पोटेन्शियल `V = kQ/r`, म्हणून चार्ज त्रिज्येच्या प्रमाणात वाटला जातो: मोठ्याला ५०, लहानाला १०. ताळा करून बघा, दोन्हीकडे ४५०० व्होल्ट येतात.

"म्हणजे मोठ्यावरच गर्दी जास्त," ती म्हणाली. इथेच दुसऱ्यांदा पाय घसरतो. मोठ्याकडे चार्ज पाचपट आहे, पण त्याचं क्षेत्रफळ पंचवीसपट आहे. म्हणून दर चौरस सेंटिमीटरला चार्ज लहान गोळ्यावरच पाचपट दाट. पृष्ठभागालगतचं विद्युत क्षेत्रही याच घनतेच्या प्रमाणात असतं, म्हणून तेही तिथे पाचपट.

कोरडी हवा साधारण ३० किलोव्होल्ट प्रति सेंटिमीटरपर्यंत टिकते. क्षेत्र त्यापुढे गेलं की तिथली हवा फुटून वीज वाहू देते. पोटेन्शियल वाढवत नेलं तर लहान गोळा ६० किलोव्होल्टलाच हवा फोडतो, मोठा ३०० ला.

आता वर बघा. ४०० केव्हीच्या लाइनला बहुधा वापरतात ती तार सुमारे ३२ मिमी जाड, म्हणजे त्रिज्या १६. तिच्या पोटाला लोंबणारा पावसाचा थेंब जेमतेम २ मिमी त्रिज्येचा. तो तारेला चिकटलेला, म्हणून पोटेन्शियल तेच. थेंब म्हणजे जणू लहान गोळा. त्याच्या टोकाशी हवा फुटते, ती चरचर. याला कोरोना म्हणतात. शॉर्ट नव्हे, पण थोडी वीज वाया जातेच.

हिशोब इथे मात्र अंदाजापुरताच चालतो. थेंब तारेला टेकलेला असतो आणि दोघांचे चार्ज एकमेकांना ढकलतात. १/r चा नियम नेमका लागतो तो लांब ठेवलेल्या गोळ्यांनाच.

उपायही त्रिज्येतच आहे. प्रत्येक फेजला एकाऐवजी दोन तारा, सुमारे ४५ सेंमी अंतरावर बांधतात. दोघी मिळून एका जाड तारेसारख्या वागतात आणि पृष्ठभागावरचं क्षेत्र उतरतं.

बहिणीने वर पाहून तारा मोजल्या. "जोडी-जोडीनेच आहेत रे." घरी आल्यावर वहीतले ३०-३० तिने स्वतःच खोडले.