सेल्फ, बॅटरी आणि अल्टरनेटर

बंद इंजिनाला पहिले फेरे देणे हे स्टार्टर मोटरचे, म्हणजे गॅरेजमधल्या सेल्फचे काम. त्यासाठी लागणारी वीज बॅटरी देते. इंजिन सुरू झाले की पट्ट्यावर फिरणारा अल्टरनेटर दिवे, वायपर, पंखे यांचा भार उचलतो आणि बॅटरीतून गेलेली वीज परत भरतो.

पावसाळ्यात जव्हारहून दाभोसा धबधब्यावर जाताना धुक्यामुळे हेडलाइट लावावे लागतात. गाडी लावल्यावर ते चुकून चालू राहिले, तर तीन तासांनी काय होते ते पाहावे. 55 वॅटचे दोन दिवे आणि मागचे लहान दिवे मिळून सुमारे 10 अँपिअर ओढतात. म्हणजे तीन तासांत 30 अँपिअर-तास गेले. लहान मोटारीची बॅटरी साधारण 35 ते 45 अँपिअर-तासांची असते. ती जवळजवळ रिकामीच झाली.

उलट, सेल्फ 150 अँपिअर ओढत असला तरी दोनच सेकंद फिरतो. त्यात 0.1 अँपिअर-तासही जात नाही. अल्टरनेटर तेवढी वीज काही मिनिटांत भरून काढतो. बॅटरी सेल्फमुळे सहसा उतरत नाही, पण उतरली आहे हे सेल्फच आधी दाखवतो, कारण एवढा जोराचा प्रवाह त्याच्याशिवाय कोणीच मागत नाही. म्हणूनच हॉर्न वाजतो, दिवे मिणमिणतात, आणि चावी फिरवल्यावर नुसती कटकट ऐकू येते.

अशा वेळी दोष कोणाचा, हे दिव्यांवरून बरेचसे कळते. चावी फिरवताच दिवे मंदावले, तर बॅटरी उतरली आहे किंवा टर्मिनल सैल आहे. त्यावर साचलेला पांढरा-हिरवा थर खरवडून आधी ते घट्ट करावे. दिवे लख्ख राहून एकदाच ‘ठक्’ झाले, तर संशय सेल्फवर. सेल्फ नीट फिरतो, पण चालत्या गाडीत बॅटरीचा लाल दिवा लागतो, तेव्हा पट्टा आणि अल्टरनेटर तपासावा. मल्टिमीटर हाताशी असेल तर शंका उरत नाही: थांबलेल्या गाडीची भरलेली बॅटरी सुमारे 12.6 व्होल्ट दाखवते, आणि इंजिन चालू असताना साधारण 14 व्होल्ट दिसले पाहिजेत.

दुसऱ्या गाडीवरून जंपर केबल लावून इंजिन सुरू झाले, तरी बॅटरी भरली असे नाही. जव्हारपर्यंतच्या अर्ध्या-पाऊण तासात फार तर दहा-पंधरा अँपिअर-तास परत येतात. जागच्या जागी इंजिन चालू ठेवून तर आणखी कमी, कारण कमी फेऱ्यांवर अल्टरनेटर पूर्ण क्षमतेने वीज देत नाही. वाटेत इंजिन बंद करू नये आणि गॅरेजात चार्जरवर रात्रभर बॅटरी भरून घ्यावी. तशीच अर्धवट ठेवली, तर आतल्या प्लेटांवर लेड सल्फेट घट्ट बसते आणि तिची क्षमता कायमची घटते. अल्टरनेटर तपासायला चालू इंजिनावर बॅटरीची तार काढण्याची जुनी रीत मात्र आजच्या गाड्यांत कटाक्षाने टाळावी. त्या क्षणी व्होल्टेज उसळून इंजिनाचा इलेक्ट्रॉनिक कंट्रोलर जळू शकतो.