चाळीस तासांची मर्यादा

वाकोल्यात, दत्तमंदिर रोडवरून आत वळलं की आमची सोसायटी. तिथे घरूनच मी काही कन्सल्टंट मंडळींची बिलं आणि जीएसटीचं काम बघते. बहुतेकजण बीकेसी किंवा सीप्झमधल्या नोकऱ्या सोडून स्वतःचं काम करणारे. त्यातले एक, ज्यांना मी नुसतं ‘सर’ म्हणते, कंपन्यांच्या ईआरपी सॉफ्टवेअरची देखभाल करतात. खरेदी, साठा, हिशेब यांत कुठे काही अडलं की फोन सरांना. त्यांचा दर ताशी 2,400 रुपये, म्हणजे मिनिटाला 40. हा मिनिटाचा दर मी मुद्दाम डोक्यात ठेवते, कारण तासाच्या बिलात भांडण होतं ते मिनिटांवरूनच.

अंधेरीतल्या एका कंपनीशी त्यांचा करार होता. महिन्याला जास्तीत जास्त 40 तास, त्यापुढचं काम लेखी परवानगीशिवाय करायचं नाही, आणि वेळ ‘15 मिनिटांच्या पटीत’ मोजायची. करारात एवढंच होतं. पटीत म्हणजे वर न्यायची की जवळच्या पटीला, प्रत्येक नोंदीची वेगळी की दिवसाच्या बेरजेची, यातलं काहीही लिहिलेलं नव्हतं. सही करताना दोन्ही बाजूंना ते किरकोळ वाटलं असणार.

ते किती किरकोळ आहे, हे सरांच्या एका दिवसावरून सांगते. सकाळी स्टोअरवाल्याचा फोन, 4 मिनिटं. मग एका मेलचं उत्तर, 11 मिनिटं. दुपारी त्यांच्या सर्व्हरवर घरून लॉगिन करून दुरुस्ती, 52 मिनिटं. त्यावर पुन्हा फोन, 6 मिनिटं. संध्याकाळी तपासणी, 23 मिनिटं. खरी बेरीज 96 मिनिटं, म्हणजे 3,840 रुपये. प्रत्येक नोंद वरच्या पटीला नेली तर 15, 15, 60, 15 आणि 30, म्हणजे सव्वादोन तास आणि 5,400 रुपये. दिवसाची बेरीज करून एकदाच वर नेली तर पावणेदोन तास, 4,200 रुपये. तीच बेरीज जवळच्या पटीला नेली तर दीड तास, 3,600 रुपये. माणूस तोच, काम तेच, करारातलं वाक्यही तेच, आणि बिलात दीडपटीचा फरक.

अमेरिकेतले वकील सहा मिनिटांच्या पटीत, म्हणजे तासाच्या दहाव्या भागात बिल लावतात. तिथेही चार मिनिटांचा फोन सहाचा होतोच, पण पट लहान असल्यामुळे फुगवटा कमी. पट जितकी मोठी आणि नोंदी जितक्या बारीक, तितकं बिल खऱ्या वेळेपासून लांब जातं. सरांचं काम फोनाफोनीचं, त्यामुळे नोंदवार वर नेणं त्यांच्या ग्राहकाला फारच जड गेलं असतं. सर तसे सरळ माणूस, ते दिवसाची बेरीज करून वर न्यायचे. मलाही ते रास्त वाटायचं. रोज सरासरी सात-आठ मिनिटं जास्त, कोण बोलणार?

बोलले, पण पैशांवरून नाही, आणि गंमत त्यातच आहे. मार्चचा महिना. ग्राहकाची वर्षअखेर, काम भरपूर. 29 तारखेला सरांच्या वहीतली बेरीज 40 ओलांडून गेली. त्यांनी करारानुसार मेल केला: तास संपले, पुढच्या कामाला परवानगी द्या. तिकडे साठ्याचं वर्षअखेरचं मूल्यांकन अडकलेलं आणि परवानगी देणारे साहेब रजेवर. काम थांबलं. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात मी टाइमशीट पाठवली आणि त्यांच्या अकाउंट्सच्या मॅडमचा फोन आला. त्यांनी माझ्या शीटमधल्या सुरुवात-शेवटच्या वेळा स्वतः मोजल्या होत्या. “काम तर 38 तास 10 मिनिटंच झालंय. मग 40 संपले कसे?”

हिशेब त्यांचा बरोबर होता. खरी वेळ 38 तास 10 मिनिटं. रोजची बेरीज वर नेल्यावर 40 तास 45 मिनिटं. महिनाभरात दोन तास पस्तीस मिनिटं नुसत्या पूर्णांकनात गेली होती. त्यात मर्यादा आली की चित्र उलटं होतं. मर्यादा नसेल तर वर नेलेल्या प्रत्येक मिनिटाचा पैसा कन्सल्टंटला मिळतो. मर्यादा असेल तर बिल 40 तासांवर, 96,000 रुपयांवर अडतं. 45 मिनिटं वाया जातात आणि ग्राहकाच्या हक्काचं दीड-दोन तासांचं काम ऐन गरजेच्या वेळी होतच नाही. त्या हिशेबाने सरांना मिळाले असते खऱ्या वेळेपेक्षा 4,400 रुपये जास्त. ग्राहकाचं जे अडलं त्याची किंमत त्याहून कितीतरी मोठी होती.

सरांचं म्हणणं होतं, “अहो ताई, चार मिनिटांचा फोन आला तरी हातातलं काम सुटतं, त्याचं काय?” हेही खोटं नाही. पण त्याची भरपाई पूर्णांकनातून छुपी घेण्यापेक्षा दरात उघड घ्यावी, असं माझं मत. दर ग्राहकाला दिसतो, पूर्णांकन दिसत नाही. आणि न दिसणारी गोष्ट सापडली की तिचा संशय दरापेक्षा मोठा होतो.

माझी एक सवय इथे कामी आली. टाइमशीटला ‘मंजूर’ असा मेल आल्याशिवाय मी बिलाचा नंबर काढत नाही. जीएसटीचं बिल एकदा नंबर पडून रिटर्नमध्ये गेलं की रक्कम खोडून चालत नाही, फरकाची क्रेडिट नोट काढावी लागते. शिवाय समोरच्याने आधीच्या रकमेवर टीडीएस कापून भरलेला असेल तर तो जुळवत बसायचं. टाइमशीट हा नुसता कागद, तो दहादा बदलता येतो.

तर बिल निघायच्या आत बोलणं झालं. मॅडमनी सुचवलं की दिवसाची बेरीज जवळच्या पटीला न्या. मी संपूर्ण महिना तसा करून पाहिला. काही दिवस वर गेले, काही खाली, आणि बेरीज आली 38 तास 15 मिनिटं. खऱ्या वेळेपासून फक्त पाच मिनिटं लांब. वर-खाली दोन्हीकडे जाणारं पूर्णांकन महिन्यात एकमेकांना बरंचसं खाऊन टाकतं, नेहमी वर जाणारं साचत राहतं. सरांनी थोडं कुरकुरून मान्य केलं. बिल गेलं ते असं: 38.25 तासांचे 91,800 रुपये, त्यावर केंद्राचा आणि राज्याचा मिळून 18 टक्के जीएसटी 16,524, एकूण 1,08,324. व्यावसायिक फीवरचा 10 टक्के टीडीएस ग्राहकाने 91,800 वर कापला, 9,180. जीएसटी वेगळा दाखवला असेल तर टीडीएस त्यावर कापायचा नसतो. हातात 99,144.

आता शीटबद्दल, कारण माणसांइतकाच घोळ तीही घालते. एक्सेलमध्ये वेळ हा दिवसाचा अपूर्णांक असतो. बेरजेच्या चौकटीला साधा वेळेचा फॉरमॅट दिला तर 24 तास गळून जातात आणि 38:10 च्या जागी 14:10 दिसतं. फॉरमॅट `[h]:mm` असा चौकोनी कंसात हवा. दुसरी गडबड हाताने लिहिणाऱ्यांची: 38 तास 10 मिनिटं म्हणून 38.10 लिहायचं आणि दराने गुणायचं. दहा मिनिटं म्हणजे तासाचा सहावा भाग, दहावा नव्हे. इथे फरक 160 रुपयांचाच पडतो, पण 50 मिनिटांचं .50 झालं की तासाचा एक तृतीयांश भाग जातो. त्याहून चकवणारी गोष्ट म्हणजे वेळा वजा करताना दशांशात कुठेतरी धूळ राहते. बरोबर 15 मिनिटांची नोंद आतून 15 पेक्षा केसभर जास्त निघते, आणि वर नेणारं सूत्र तिला सरळ 30 करून टाकतं. म्हणून आधी पूर्ण मिनिटं करायची. मी प्रत्येक नोंदीला हे सूत्र लावते:

```
=ROUND(MOD(C2-B2,1)*1440,0)
```

B मध्ये सुरुवात, C मध्ये शेवट. `MOD` अशासाठी की सर रात्री साडेअकराला बसून साडेबाराला उठले तर नुसती वजाबाकी उणे येते. या मिनिटांची दिवसवार बेरीज D मध्ये घेऊन मगच पट लावायची:

```
=MROUND(D2,15)
```

खरी मिनिटं पुसायची नाहीत. पूर्णांकन त्यांच्या शेजारच्या रकान्यात, म्हणजे उद्या कोणी विचारलं तर दोन्ही समोर ठेवता येतात. सरांच्या मोबाइलवरचा टायमर कधी बंद करायचा राहतो. चार तासांपेक्षा लांब, मध्ये खंड नसलेली नोंद दिसली की मी त्यांना फोन करते. एकदा नऊ तासांचा टायमर सापडला, त्यातले बहुतेक तास सर झोपलेले होते.

करार नव्याने लिहिताना जी वाक्यं आली ती आता मी दुसऱ्यांच्या करारातही घालते. रोजची बेरीज जवळच्या 15 मिनिटांच्या पटीला. मर्यादा त्या पूर्णांकित तासांवर मोजायची. 32 तास झाले की कन्सल्टंटने मेलने कळवायचं, आणि 40 च्या पुढची परवानगी देणारी माणसं दोन, म्हणजे एक रजेवर असलं तरी काम थांबत नाही. न वापरलेले तास पुढच्या महिन्यात जात नाहीत, जास्तीचेही नाहीत. ग्राहकाच्या ऑफिसात जायचं असेल तर कमीत कमी दोन तास धरायचे आणि प्रवासाचा वेळ धरायचा नाही. वाकोला पुलाखालच्या सिग्नलला किती वेळ गेला यावर कोणी बिल लावू लागलं तर मर्यादा तिथेच संपेल.

पुढच्या तिमाही अखेरीला 32 तासांचा मेल 22 तारखेलाच गेला. मॅडमनी दोन नवे रिपोर्ट पुढे ढकलले आणि अखेरच्या कामासाठी 6 तास जास्तीचे मंजूर केले. मी त्यांची बिलात वेगळी ओळ केली, मंजुरीच्या मेलची तारीख घालून. त्यातले पावणेपाच तास वापरले गेले. सरांनी विचारलं, सहा मंजूर आहेत ना? आहेत, पण मंजुरी ही मर्यादा होती, ऑर्डर नव्हती. बिल पावणेपाचचंच गेलं.