वहीत नसलेले दोन आकडे

दुकानातील उधारीचा आकडा मला तोंडपाठ असे. स्वतःच्या रक्तदाबाचा मात्र कधी ठाऊक नव्हता. माझे थोरले बंधू म्हणत, "डोके दुखत नाही, चक्कर येत नाही, मग दाब कशाला मोजायचा?" एका सकाळी गल्ल्यावर बसल्या बसल्या त्यांना पक्षाघात झाला. तेव्हा प्रथमच त्यांचा रक्तदाब मोजला गेला.

म्हणून यंदा समाजाच्या आरोग्य शिबिरात मी पहिल्या रांगेत बसलो. आसपासच्या खेड्यांतील मंडळीही आली होती. व्याख्यात्या डॉक्टरांनी सुरुवातीलाच माझा दाब मोजला. मी नुकताच जिना चढून आलो होतो, शेजाऱ्याशी बोलत होतो आणि पट्टा सदऱ्याच्या बाहीवरूनच बांधला होता. आकडा आला 166/98. "हा आकडा वहीत धरायचा नाही," त्या हसून म्हणाल्या.

मग त्यांनी मला पाठ टेकवून, पावले जमिनीवर ठेवून, पाच मिनिटे निःशब्द बसविले. बाही वर केली, हात मेजावर हृदयाच्या पातळीला ठेवला. आता 150/92, मिनिटभराने 148/90. वरचा आकडा हृदय आकुंचन पावतानाचा आणि खालचा ते सैल पडतानाचा, हे त्यांनी समजावले. मोजण्यापूर्वी अर्धा तास चहा-तंबाखू नको, लघवी तुंबलेली नको, आणि जाड दंडाला लहान पट्टा बांधल्यास आकडा फुगतो, हेही सांगितले.

"दवाखान्यात 140/90 किंवा अधिक आल्यास पुन्हा तपासावे, एका दिवसावरून निदान होत नाही. 180/110 च्या पुढे गेल्यास मात्र त्याच दिवशी डॉक्टरांना गाठावे."

काहींचा दाब केवळ डॉक्टरांना पाहून वाढतो, म्हणून मला घरी सात दिवस सकाळ-संध्याकाळ दोन-दोन वेळा मोजून लिहायला सांगितले. पहिला दिवस वगळून उरलेल्या चोवीस नोंदींची सरासरी आली 142/88. घरच्या मोजणीची मर्यादा 135/85. म्हणजे माझा दाब भीतीचा नव्हता, खराच होता.

डॉक्टरांनी गोळी सुरू केली आणि ताटाची चौकशी केली. दिवसाला पाच ग्रॅमहून कमी, म्हणजे चमचाभरही नाही, इतके मीठ पुरे. आमच्या घरी चातुर्मासात हिरवी भाजी कमी होते आणि पापड, लोणचे वाढते. मी चौविहार पाळतो हे सांगताच त्यांनी गोळी सकाळची ठरवून दिली. उपवासाच्या दिवशी ती मनाने बंद न करता आधी विचारावे, असेही बजावले.

आता रोकडवहीच्या शेवटच्या पानावर तारीख आणि दोन आकडे लिहितो. बंधू डाव्या हाताने पट्टा धरतात. उजवा अजून उचलत नाही.