मराठीची मंझिल

आमची भावजय लग्न होऊन उत्तर प्रदेशातून लालबागला आली, तेव्हा तिला उर्दू उत्तम येत होते, मराठी अजिबात नाही. एकदा अम्मींच्या शुगरच्या तपासणीसाठी रुग्णालयाने चिठ्ठी दिली होती. तिच्यावर ‘उपाशीपोटी यावे’ असे लिहिले होते. आम्ही शाळेत होतो. भाभीने तारीख तेवढी ओळखली आणि सकाळी अम्मींना चहा-बिस्किटे देऊन नेले. तपासणी आठ दिवस पुढे गेली. त्या रात्री ती म्हणाली, “आपा, मुझे मराठी सिखाइए.”

आम्ही वर्गात करतो तेच घरी केले. रोज दहा शब्द दिले आणि प्रत्येक शब्द वीस वेळा लिहायला सांगितला. संध्याकाळी ती सगळे धडाधड म्हणून दाखवी. पंधरा दिवसांनी पहिल्या दिवसाचे दहा शब्द विचारले, तर तीनच आले. चूक तिची नव्हती, आमची होती. शब्द डोळ्यांसमोर असताना वीस वेळा लिहिला तरी तो आठवावा लागत नाही.

तिचा धाकटा भाऊ हिफ्ज करतो. तिनेच विचारले, “मराठी की मंज़िल नहीं होती क्या?” हिफ्जमध्ये नवा धडा म्हणजे सबक, गेल्या काही दिवसांचे ते सबकी आणि जुने पाठ झालेले ती मंझिल. नवा सबक घेतला तरी बाकीच्या दोन्हींची फेरी चुकत नाही. जर्मनीच्या हर्मान एबिंगहाउस यांनी निरर्थक अक्षरे स्वतः पाठ करून 1885 साली हेच मांडले होते. विसरणे सुरुवातीला झपाट्याने होते, मग मंदावते. एकाच बैठकीतल्या उजळणीपेक्षा दिवसांवर पसरलेली उजळणी जास्त टिकते.

मग आम्ही चपलेच्या खोक्यात पुठ्ठे लावून पाच कप्पे केले. ही युक्ती झेबास्टियान लाइटनर या लेखकाची. चिठ्ठीच्या एका बाजूला उर्दू वाक्य, दुसऱ्या बाजूला मराठी. पहिला कप्पा रोज पाहायचा. दुसऱ्यातली चिठ्ठी दोन दिवसांनी, तिसऱ्यातली चार, चौथ्यातली आठ आणि पाचव्यातली सोळा दिवसांनी. उत्तर आधी मोठ्याने म्हणायचे, मगच चिठ्ठी उलटायची. बरोबर आले तर पुढच्या कप्प्यात, चुकले तर थेट पहिल्यात. पुढची तारीख चिठ्ठीच्या कोपऱ्यात पेन्सिलने लिहायची.

‘उपाशीपोटी’ ही पहिली चिठ्ठी होती. ती दुसऱ्या दिवशी आली, मग चौथ्या, आठव्या, सोळाव्या आणि बत्तिसाव्या दिवशी. महिन्याभरात पाचदाच पाहिली आणि शब्द पक्का झाला. मंझिलमध्ये सगळ्याची फेरी सारखीच होते, खोक्यात मात्र अवघड शब्दाला जास्त पाळ्या मिळतात. ‘हजर’, ‘कागद’, ‘इमारत’ हे तर आपलेच शब्द. ते सरळ पुढे गेले.

एक चिठ्ठी मात्र दोन आठवडे पहिल्या कप्प्यातून हलेना. तिच्यावर नुसते ‘कल’ लिहिले होते. उर्दूत ‘कल’ म्हणजे होऊन गेलेला दिवसही आणि येणारा दिवसही. मराठीत त्याचे दोन शब्द, ‘काल’ आणि ‘उद्या’. त्यात ‘काल’चा आवाज ‘कल’सारखाच, म्हणून येणाऱ्या दिवसालाही तिच्या तोंडून ‘काल’च निघे. एकच चिठ्ठी सात-आठ वेळा परत आली, तर दोष शिकणाऱ्याचा नाही, चिठ्ठीचा आहे असे समजावे. आम्ही ती फाडून दोन केल्या. ‘वो कल आया था’च्या मागे ‘तो काल आला होता’ आणि ‘वो कल आएगा’च्या मागे ‘तो उद्या येईल’. दोन्ही एकाच दिवशी न देता आठवड्याच्या अंतराने दिल्या. मग गोंधळ मिटला.

दुसरी अडचण रमजानमध्ये आली. दहा दिवस खोके उघडलेच नाही आणि साठावर चिठ्ठ्या तुंबल्या. त्या एका रात्रीत संपवायच्या नाहीत. नवे शब्द बंद ठेवून रोज पंधरा जुन्या काढल्या, तेव्हा आठवड्यात खोके जागेवर आले. त्यानंतर रोज पाचच नवे शब्द देतो. आज घेतलेला शब्द पुढे महिनाभर वेळ मागतो, हे धरूनच नवे घ्यावे.

खोक्याने शब्द टिकतात, बोलणे येत नाही. ते लालबागच्या मसाला बाजारात मिरची निवडताना, शेजारच्या काकूंशी बोलताना आले. तिथेही ती सुरुवातीला ‘तो मिरची’ म्हणायची. काकूंनी ‘ती मिरची’ म्हणून सुधारले.

गेल्या महिन्यात अम्मींची पुन्हा तपासणी होती. भाभीने चिठ्ठी स्वतः वाचली. सकाळी अम्मींनी सवयीने चहा मागितला, तेव्हा स्वयंपाकघरातून आवाज आला, “अम्मी, आज उपाशीपोटी. चहा आल्यावर.”