डब्याची किंमत आणि प्रथिनांचा भाव

गेल्या पावसाळ्यात एक वृद्ध दांपत्य माझ्या दवाखान्यात आले. गृहस्थांनी बाजार समितीतील आडतीच्या दुकानात चाळीस वर्षे दिवाणजी म्हणून काम केले आहे. सारे गाव त्यांना दिवाणजीच म्हणते आणि मीही तसेच म्हणतो. चार महिन्यांपूर्वी काकूंच्या खुब्याचे हाड मोडून शस्त्रक्रिया झाली होती. हाड उत्तम जुळले होते, पण काकू अजून हाताचा आधार घेतल्याशिवाय खुर्चीतून उठू शकत नव्हत्या. शस्त्रक्रियेच्या वेळी त्यांचे वजन ४४ किलो होते, ते आता साडेएकेचाळीस भरले. मांडीचे स्नायू दोरीसारखे झाले होते.

‘‘डॉक्टर, ताकदीच्या पावडरचा डबा तर एक दिवसही चुकवला नाही,’’ दिवाणजी म्हणाले. ‘‘तुम्हीच हो म्हणाला होतात.’’

ते खरे होते. दवाखान्यात गर्दी असताना त्यांनी तो डबा दाखवून ‘हा देऊ का?’ असे विचारले होते आणि मी त्याची पाठ न पाहताच ‘द्या, चांगला आहे’ असे म्हटले होते. आमच्या व्यवसायात अशी उत्तरे फार स्वस्तात दिली जातात. त्या दिवशी मात्र मी त्यांना डबा आणि घरातला चमचा घेऊन संध्याकाळी पुन्हा यायला सांगितले.

डबा ४०० ग्रॅमचा आणि किंमत ७२० रुपये. पुढच्या बाजूला ठळक अक्षरांत लिहिले होते : ‘एका पेल्यात १३ ग्रॅम प्रथिने’. तेराच्या डोक्यावर एक बारीक चांदणी होती. त्या चांदणीचा खुलासा तळाशी, भिंगाशिवाय वाचता येणार नाही अशा अक्षरांत होता : ‘२०० मिलिलिटर दुधात मिसळल्यास’. पाठीमागच्या तक्त्यात खरा आकडा होता. १०० ग्रॅम पावडरमध्ये १८ ग्रॅम प्रथिने आणि एका वेळचे प्रमाण ३३ ग्रॅम. म्हणजे एका वेळच्या पावडरमधून मिळतात सहा ग्रॅम, उरलेली सात ग्रॅम आपल्याच घरच्या दुधाची. काकू तर पावडर पाण्यातून घेत होत्या.

मग आम्ही चमचा पाहिला. डब्यातला मोठा माप-चमचा पावडरमध्ये रुतून बसलेला, म्हणून काकू घरातल्या चहाच्या चमच्याने दिवसातून एकदा दोन चमचे घेत. एक डबा बरोबर महिनाभर पुरे. ४०० ग्रॅमला तीस दिवसांनी भागले, तर रोजचे सव्वातेरा-साडेतेरा ग्रॅम होतात आणि त्यात प्रथिने असतात जेमतेम २.४ ग्रॅम. डब्यावर सांगितल्याप्रमाणे दिवसातून दोनदा पूर्ण प्रमाणात घेतले असते, तर तोच डबा सहा दिवसांत संपला असता आणि महिन्याला पाच डबे, म्हणजे ३,६०० रुपये लागले असते. ‘डबा महिनाभर पुरतो’ असे कोणी समाधानाने सांगितले की आता मला काळजी वाटते.

मी दिवाणजींना विचारले, ‘‘शेतकऱ्याचा माल मोजताना पोत्याचे वजन धरत होता का?’’

‘‘छे! बारदान वजा करूनच पट्टी करायची.’’

‘‘मग याचीही बारदान वजा करून पट्टी करा.’’

त्यांनी माझ्याच औषधचिठ्ठीच्या पाठीवर हिशेब मांडला. १०० ग्रॅमला १८, तर ४०० ग्रॅमला ७२ ग्रॅम प्रथिने. ७२० भागिले ७२. एक ग्रॅम प्रथिनाचा भाव दहा रुपये. बाकीची ३२८ ग्रॅम पावडर म्हणजे बहुतांशी माल्ट, साखर, दुधातील शर्करा आणि थोडी जीवनसत्त्वे व क्षार. ती अगदीच टाकाऊ नव्हेत, त्यातून उष्मांक मिळतात. पण ती प्रथिने नव्हेत, आणि दिवाणजींनी पैसे प्रथिनांसाठी मोजले होते.

कोणत्याही डब्याला लागू पडणारी रीत एवढीच आहे. ‘प्रति १०० ग्रॅम’ या रकान्यातील प्रथिनांचा आकडा पाहावा, त्यावरून संपूर्ण डब्यात किती ग्रॅम प्रथिने आहेत ते काढावे आणि किमतीला त्या आकड्याने भागावे. ‘एका वेळेस’ या रकान्यावरून दोन डब्यांची तुलना करू नये, कारण एका वेळचे प्रमाण किती धरायचे हे उत्पादकच ठरवतो. चमचा मोठा धरला की आकडा आपोआप मोठा दिसतो.

आठवड्याने दिवाणजींच्या मुलाने पुण्याहून व्हे प्रथिनांचा, म्हणजे दुधाच्या निवळीपासून केलेल्या पावडरचा, एक किलोचा डबा आणला. किंमत २,८०० रुपये. दिवाणजी घाबरले, ‘‘हा तर चौपट महाग!’’ पुन्हा पट्टी केली. १०० ग्रॅममध्ये ७० ग्रॅम प्रथिने, म्हणून किलोत ७०० ग्रॅम. भाव निघाला चार रुपये ग्रॅम. डब्याच्या किमतीने जो चौपट महाग, तो मालाच्या भावाने निम्म्याहूनही स्वस्त निघाला.

मात्र खरा धक्का त्या दोघांनाही नंतर बसला. ७२० रुपये आले कुठून, हे मी विचारले. दिवाणजींना निवृत्तिवेतन नाही, व्याजावर घर चालते. म्हणून त्यांनी डबा सुरू करताना घरचे दूध अर्ध्या लिटरवरून पाव लिटरवर आणले होते आणि काकूंचे रोजचे एक अंडे बंद केले होते. ‘डब्यात सगळेच आहे’ असे त्यांना वाटले. पाव लिटर गाईच्या दुधात सुमारे आठ ग्रॅम प्रथिने, अंड्यात सहा ग्रॅम. रोजची चौदा ग्रॅम थांबवून त्यांनी २.४ ग्रॅम विकत घेतली होती. काकूंचा दिवसभराचा आहार मी लिहून काढला, तेव्हा पूर्वीची सुमारे ४२ ग्रॅम प्रथिने ३० ग्रॅमवर आलेली दिसली. ऐन हाड भरून येण्याच्या आणि स्नायू सावरण्याच्या काळात ही घट झाली होती.

राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२० च्या शिफारशीत निरोगी प्रौढांसाठी दर किलो वजनामागे दिवसाला ०.८३ ग्रॅम प्रथिने सांगितली आहेत. उतारवयात स्नायू प्रथिनांना कमी प्रतिसाद देतात, म्हणून वृद्धांच्या आहाराचे अनेक अभ्यासक किलोमागे १ ते १.२ ग्रॅम सुचवतात. काकूंच्या मूळ ४४ किलो वजनाला ते ४४ ते ५३ ग्रॅम होतात. त्यांना कमी पडत होती ती वीसेक ग्रॅम.

ती घरच्या जिनसांतून कोणत्या भावाने मिळतील? आमच्या गावातील त्या महिन्याच्या दरांनी आम्ही पट्टी वाढवली. सात रुपयांचे अंडे, सहा ग्रॅम : सुमारे एक रुपया सतरा पैसे ग्रॅम. साठ रुपये लिटरचे दूध, बत्तीस ग्रॅम : एक रुपया अठ्ठ्याऐंशी पैसे. पाचशे रुपये किलोची सायविरहित दुधाची पावडर, किलोत साधारण ३५० ग्रॅम : एक रुपया त्रेचाळीस पैसे. एकशे साठ रुपये किलोची तूरडाळ, किलोत सुमारे २२० ग्रॅम : त्र्याहत्तर पैसे. वाचकांनी येथे आपापल्या गावचे दर घालावेत. आकडे थोडे बदलतील, क्रम फारसा बदलणार नाही.

‘‘मग डाळच वाढवू,’’ दिवाणजी लगेच म्हणाले. येथे मला त्यांना थांबवावे लागले. ग्रॅमचा भाव हा निवडीचा पहिला प्रश्न आहे, शेवटचा नव्हे. वीस ग्रॅम प्रथिनांसाठी नव्वद ग्रॅम कोरडी डाळ शिजवावी लागते. त्याचे तीन-चार वाट्या घट्ट वरण होते. कवळी बसवलेल्या, भूक मंदावलेल्या एकाहत्तर वर्षांच्या बाईंना एवढे जादा वरण रोज संपवता येत नाही. शिवाय डाळीतील प्रथिने दूध-अंड्यांइतकी पूर्ण नसतात आणि पचतातही थोडी कमी. भात-पोळीबरोबर खाल्ल्याने त्यांतील उणीव बरीच भरून निघते, इतकेच.

याच कारणाने व्हेचा डबा मी सरसकट नाकारत नाही. ज्यांना चार घासांपलीकडे जेवण जात नाही किंवा गिळायला त्रास होतो, त्यांच्यासाठी थोड्याशा पेयात वीस ग्रॅम प्रथिने मावणे ही सोय चार रुपये ग्रॅमनेही योग्य ठरते. उलट कोलॅजनच्या पावडरींवर प्रथिनांचा आकडा भरघोस दिसतो, पण त्यात ट्रिप्टोफॅन हे आवश्यक अमिनो आम्ल नसतेच, त्यामुळे तो ग्रॅम अंड्याच्या ग्रॅमच्या तोलाचा नाही. घटकांच्या यादीत ग्लायसीन किंवा टॉरीन वेगळे घातलेले दिसले, तरीही सावध व्हावे. प्रयोगशाळेत नत्र मोजून प्रथिनांचा अंदाज काढतात, त्यामुळे अशा स्वस्त भरीने आकडा फुगू शकतो.

काकूंना दूध सोसत होते, जेवण जात होते. म्हणून माप-चमचा न लागणारी योजना ठरली. पहिला डबा बंद. वाचलेल्या ७२० रुपयांत पाव लिटर दूध आणि अंडे परत आले, साठ रुपये उरलेही. त्याशिवाय रोज तीस ग्रॅम सायविरहित दुधाची पावडर, निम्मी सकाळच्या दुधात आणि निम्मी दुपारच्या खिरीत किंवा ताकात. त्यातून दहा ग्रॅम प्रथिने वाढली आणि एकूण ५२ ग्रॅम झाली. त्या पावडरचे महिन्याचे साडेचारशे रुपये मुलाने उचलले. व्हेचा डबा त्याने न उघडताच दुकानात परत केला. हे सुरू करण्यापूर्वी काकूंचे क्रिएटिनिन मी तपासून घेतले. मूत्रपिंडाचा जुना विकार असेल, तर प्रथिने वाढवण्याचा निर्णय घरी घेऊ नये, त्यांचे प्रमाण डॉक्टरांनीच ठरवावे. मधुमेह्यांनी त्याच तक्त्यात प्रथिनांच्या खाली साखरेची ओळही वाचावी.

सोबत फिजिओथेरपिस्टने सांगितलेले व्यायाम होतेच. स्नायूंना काम मिळाले नाही, तर नुसत्या प्रथिनांनी ते फारसे वाढत नाहीत. तीन महिन्यांनी काकूंचे वजन ४३ किलो झाले. ते काही फार नव्हे. पण माझ्यासमोरच्या खुर्चीतून त्या दोन्ही हात छातीशी धरून उठल्या आणि मग पुन्हा बसून, न सांगताच, दुसऱ्यांदा उठल्या.

दिवाणजींची ती पट्टी माझ्या टेबलाच्या काचेखाली आहे. आता कोणी डबा पुढे करून ‘देऊ का?’ असे विचारले, की मी आधी तो उलटा करतो.